सलाईनमधून औषध चाललंय हे सांगितल्यावरच आईचं दुखणं कमी झालं. हा 'मनाचा खेळ' म्हणायचा का?

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात आईच्या (वय ७१) उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. ऑपरेशन छान झालं, तक्रार कुणाबद्दलच नाही. पण दुसऱ्या रात्रीची एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

रात्री साडेअकराला सिस्टर आल्या. आई डोळे मिटून पडली होती, म्हणून त्यांनी आवाज न करता पॅरासिटामॉलची बाटली जोडली आणि गेल्या. बाटली संपली तरी आई कण्हत होती. "काहीच देत नाहीत गं हे लोक," असं मला दोनदा म्हणाली. पहाटे साडेपाचला दुसऱ्या सिस्टर आल्या. त्यांनी बाटली आईच्या डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाल्या, "आजी, हे दुखायचं औषध बरं का. पंधरा मिनिटं थांबा, आराम पडेल." बाटली अर्धीसुद्धा गेली नव्हती, आई गाढ झोपली. सकाळी चार्ट पाहिला. दोन्ही वेळा तेच औषध, तेवढंच.

भाऊ म्हणाला, "मनाचे खेळ गं. एवढं दुखतच नसेल." आईने ते ऐकलं आणि तिला फार लागलं.

प्रश्न असा : नुसतं ऐकून दुखणं कमी होत असेल, तर ते दुखणं खोटं होतं का? की शरीरात खरंच काही घडतं? प्लासिबो म्हणजे साखरेची गोळी एवढंच मला माहीत आहे, पण इथे तर औषध खरं होतं.

गंप्या

आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांकडे "सुई नको, गोळ्याच द्या" म्हणणारा पेशंट अजून जन्माला यायचाय. सुई टोचली की दारातून बाहेर पडेपर्यंत निम्मं बरं. लाल रंगाचं असेल तर पाऊण.

(वाचतोय. जाणकार येतीलच.)

अभ्या_ट्रेकर

सायली, शरीरात खरंच घडतं. मेंदू स्वतःचं मॉर्फिन बनवतो, त्याला एंडॉर्फिन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात बीचर नावाच्या डॉक्टरकडचं मॉर्फिन संपलं, तेव्हा नर्सने जखमी सैनिकाला मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलं आणि तो शांत पडून राहिला. पुढे त्याने सिद्ध केलं की ३५ टक्के लोक नुसत्या प्लासिबोने बरे होतात. म्हणजे पक्का विश्वास असेल तर औषधाची गरजच नाही. आपले आजी-आजोबा हेच सांगायचे.

भूलवैद्य

चौतीस वर्षं भूल देण्यात गेली, आता निवृत्त आहे. फोनवर टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

अभ्या, एंडॉर्फिनचं बरोबर आहे. बाकीचं जरा तपासू. नर्सची ती गोष्ट मीही विद्यार्थ्यांना रंगवून सांगायचो. मग बीचरचा १९५५ चा गाजलेला लेख मुळातून वाचला, त्यात ती नाहीच. ३५ टक्क्यांचा आकडा मात्र त्याचाच आहे. पण प्लासिबो घेऊन ज्यांना बरं वाटलं ते सगळे त्याने मोजले. काही न घेताही त्यातल्या किती जणांना बरं वाटलं असतं, हे त्यात वेगळं काढलेलं नाही. आणि 'बरे होतात' हा शब्द तर सोडाच. दुखणं कमी होणं आणि आजार जाणं यात फार अंतर आहे.

सायली, तुमच्या भावाच्या शंकेवर खराखुरा प्रयोग झालाय, १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत. लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स. अक्कलदाढ काढलेले रुग्ण घेतले. दाढ काढल्यावर तीन तासांनी एक इंजेक्शन आणि चार तासांनी दुसरं. कुणाला कुठलं, हे रुग्णालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. दुखणं किती ते रुग्णाने एका रेषेवर खूण करून दाखवायचं.

ज्यांना पहिलं इंजेक्शन निव्वळ प्लासिबो मिळालं, त्यांचे दोन गट पडले. काहींचं दुखणं कमी झालं किंवा होतं तेवढंच राहिलं. बाकीच्यांचं वाढलं. ('तेवढंच राहिलं' हेही यश धरायचं, कारण त्या वेळी हिरडीची भूल उतरत असते आणि दुखणं चढणीला लागलेलं असतं.) आता तासाभराने नॅलॉक्सोन दिलं. हे औषध मॉर्फिनच्या जागा अडवून बसतं. मॉर्फिन जास्त झालेल्या माणसाचा श्वास परत आणायला आम्ही तेच वापरतो.

ज्यांना प्लासिबो लागू पडलाच नव्हता, त्यांच्यात नॅलॉक्सोनने काही फरक पडला नाही. ज्यांना लागू पडला होता, त्यांचं दुखणं वाढलं, आणि वाढून पहिल्या लोकांच्या पातळीला येऊन थांबलं. मिळवलेलं तेवढं गेलं, त्याहून जास्त नाही.

आता सांगा, रुग्ण केवळ डॉक्टरांचं मन राखायला "बरं वाटतंय" म्हणत असते, तर मॉर्फिनच्या जागा अडवल्यावर त्यांचा सभ्यपणा का उतरावा?

सायली_नाशिक

शेवटचं वाक्य भावाला जसंच्या तसं पाठवलं. :)

कुमुद_ताई

मला हे वाचून वाईट वाटलं. माझी अर्धशिशी बावीस वर्षांची आहे. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी मला उतार पडला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्या गोळ्यांत काही नाही, म्हणजे माझी अर्धशिशीही खोटी, असंच ना? ज्याचं डोकं फुटतं त्यालाच कळतं.

भूलवैद्य

ताई, अगदी उलट. त्या दाढवाल्यांची दाढ खरीच काढली होती, दुखणंही खरंच होतं. प्लासिबोने कमी झालेलं दुखणं खोटं असतं, हा समज त्या प्रयोगाने खोडून काढला. तुमच्या गोळ्यांबद्दल मात्र मी काहीच म्हणालो नाही. अर्धशिशी आपणहून येते आणि आपणहून जाते. एका माणसाच्या अनुभवावरून गोळीचं श्रेय किती आणि दिवसांचं किती, हे मला तरी सांगता येणार नाही.

चिकित्सक_पंत

भूलवैद्य, प्रयोग सुंदर सांगितलात, पण अर्धाच. नॅलॉक्सोन स्वतःच दुखणं वाढवत असेल तर? दाढ काढल्यावर शरीर तसंही थोडं एंडॉर्फिन सोडत असणार, प्लासिबो असो वा नसो. ते अडवलं की दुखणारच. १९८३ मध्ये ग्रेसलीच्या गटाने नेमकं हेच दाखवलं होतं.

आणि सायलीताई, राग मानू नका, पण तुमच्या उदाहरणातून काही सिद्ध होत नाही. पहिली बाटली मध्यरात्री लागली, दुसरी पहाटे. मधले सहा तास गेले. रात्री कुणालाही जास्त दुखतं. शिवाय रात्रभर जागं राहिलेलं माणूस पहाटे झोपतंच. सिस्टर काही न बोलता बाटली लावून गेल्या असत्या, तर त्या झोपल्या नसत्या हे कशावरून?

सायली_नाशिक

राग नाही. हे मला सुचलंच नव्हतं.

अभ्या_ट्रेकर

पंत, प्रत्येक गोष्टीत खोट काढायलाच हवी का? माणसाला आराम पडला, विषय संपला.

भूलवैद्य

पंतांना काढू द्या, त्यांचं बरोबर आहे. ग्रेसलींचा आक्षेप खराच होता आणि बरीच वर्षं छळत राहिला. एंडॉर्फिन सगळ्या शरीरभर सुटतं असं मानलं, तर 'प्लासिबोमुळे' आणि 'ताणामुळे' हे वेगळं करता येत नाही.

या गाठीतून वाट काढली ती इटलीत तुरिनच्या फाब्रित्सिओ बेनेदेत्तींनी, १९९९ मध्ये. मला आवडलेला प्रयोग, म्हणून जरा सावकाश सांगतो. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा ज्याच्यामुळे असतो ते द्रव्य. ते दोन्ही हात आणि दोन्ही पाय अशा चार ठिकाणी कातडीखाली टोचलं. चारही जागा भगभगतात. मग एकाच जागी, समजा डाव्या हातावर, साधं मलम लावलं आणि सांगितलं की हे जोरदार वेदनाशामक आहे. दुखणं फक्त डाव्या हाताचं कमी झालं. उजवा हात आणि दोन्ही पाय होते तसेच. मग नॅलॉक्सोन शिरेतून दिलं, तर डाव्या हाताचा फायदाही गेला.

ताणामुळे रक्तात एंडॉर्फिन वाढलं असतं, तर चारही जागा एकदम निवल्या असत्या. नॅलॉक्सोन सरसकट दुखणं वाढवत असतं, तर चारही जागा एकदम भडकल्या असत्या. यातलं काहीच झालं नाही. म्हणजे 'या इथे कमी होणार' ही अपेक्षा मेंदू अंगावरच्या नेमक्या जागेला जोडतो आणि तिथलीच तार आवळतो.

गंप्या

म्हणजे हेड ऑफिसातून सगळ्या शाखांना एक परिपत्रक नाही. डावा हात शाखेला वेगळा फोन.

भूलवैद्य

हो, तसंच समजा. :)

मीरा_जर्मनी

मी या विषयातली गिनिपिग आहे हो! इथे पीएचडी करताना दुसऱ्या एका विद्यापीठात स्वयंसेवक हवे होते, पैसे बरे होते, म्हणून गेले.

पहिल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला दोन चौकोन आखले. एकावर कातडी बधिर करणारं 'लिडोकेन' मलम, दुसऱ्यावर साधं, असं सांगितलं. थांबून पुसलं. मग नाण्याएवढा गरम होणारा तुकडा आळीपाळीने दोन्ही चौकोनांवर टेकवायचा आणि दर वेळी मी शून्य ते शंभर यात किती दुखलं ते बटणांनी दाखवायचं. लिडोकेनच्या जागी चक्क निम्मं दुखत होतं. मला वाटलं, भारी मलम आहे.

दुसऱ्या दिवशी तेच सगळं एमआरआयच्या बोगद्यात. तिथेही लिडोकेनच्या जागी कमीच दुखलं, पण पहिल्या दिवसाइतका फरक नव्हता. मी काहीतरी ३५ विरुद्ध ५० असं देत होते. शेवटी त्यांनी सांगितलं की दोन्ही मलमं एकच होती, औषध कशातच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी लिडोकेनच्या जागेवर गुपचूप कमी गरम केलं होतं, म्हणजे माझा विश्वास बसावा! दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे गरम सारखंच.

मी अजिबात खोटं बोलत नव्हते. मला खरंच कमी दुखलं. आणि खरं सांगते, मला फसवल्याचा थोडा रागही आला.

सायली_नाशिक

बाप रे. मग मेंदूच्या फोटोत काय दिसलं?

मीरा_जर्मनी

माझ्या एकटीच्या फोटोत काहीच सांगता येत नाही म्हणाले, सगळ्यांचं मिळून काढतात.

भूलवैद्य

मीराताईंनी सांगितलं ती पद्धत आता रुळलेली आहे. तशाच धर्तीवर हॅम्बुर्गमध्ये फाल्क आयपर्ट यांनी २००९ मध्ये काम केलं. निम्म्या लोकांना आधी नॅलॉक्सोन, निम्म्यांना मिठाचं पाणी. मिठाच्या पाण्यावाल्यांत कपाळामागचा मेंदूचा भाग आणि मेंदूच्या देठातला एक छोटा करडा भाग एकमेकांच्या तालात चालताना दिसले. हा करडा भाग खाली मणक्याकडे वेदनेची झडप आवळणारा निरोप पाठवतो. मॉर्फिनही तिथेच काम करतं. नॅलॉक्सोनवाल्यांत तो ताल ढिला पडला आणि मलमाचा फायदाही घटला. घटला, शून्य झाला नाही, हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी त्यांनी मणक्याचेच फोटो काढले. हातातून आलेली वेदनेची नस मणक्यात जिथे पहिल्यांदा शिरते, तिथली हालचाल 'लिडोकेन'च्या वेळी कमी झाली होती. तुमच्या भावाला 'मनाचा खेळ' म्हणायचं तर म्हणू दे, पण तो खेळ मानेच्या मणक्यापर्यंत उतरतो.

चिकित्सक_पंत

इथे मी पुन्हा आडवा येतो. सुटे प्रयोग वीस-पंचवीस लोकांवरचे असतात. २०१८ मध्ये झुनहॅमर आणि मंडळींनी वीस अभ्यासांतल्या ६०३ लोकांची मेंदूची चित्रं एकत्र केली. वेदना येते तेव्हा मेंदूत जो ठरावीक नकाशा उजळतो, त्यावर प्लासिबोचा परिणाम निघाला, पण अगदी लहान. लोक सांगतात तेवढा मोठा नाही. म्हणजे मीराताईंच्या त्या पंधरा गुणांतले काही खरोखर कमी आलेल्या वेदनेचे असतील. उरलेले आलेल्या वेदनेचा अर्थ वेगळा लावल्याचे, किंवा चक्क 'इथे कमी सांगायचंय' या सवयीचे.

मीरा_जर्मनी

पण मला जाणवलं ते कमीच जाणवलं ना?

चिकित्सक_पंत

ते मी नाकारत नाही. 'जाणवलं' आणि 'सांगितलं' यांच्यामधली फट मोजायचं यंत्र नाही, एवढंच म्हणतोय.

भूलवैद्य

यावर माझ्याकडेही तोडगा नाही. दुखणं शेवटी जाणवण्यातच असतं, म्हणून भूलवैद्य या नात्याने मला पेशंटचा आकडा पुरतो. पण तो आकडा नेमका कुठे घडतो यावर अजून भांडण चालू आहे. ते खरं भांडण आहे.

अभ्या_ट्रेकर

पण एक कळत नाही. सायलीच्या आईला पॅरासिटामॉल होतं. ते काही मॉर्फिनच्या जातीचं नाही. मग तिथे एंडॉर्फिन कुठून आलं?

भूलवैद्य

वा अभ्या, हा प्रश्न नेमका विचारलास.

बेनेदेत्तींनीच १९९९ मध्ये आणखी एक काम केलं होतं. दंडाला पट्टा आवळून रक्त अडवलं की हात ठणकायला लागतो, तो ठणका किती वेळ सहन होतो ते मोजायचं. काही लोकांना दोन दिवस खरं मॉर्फिन दिलं आणि पुढच्या दिवशी गुपचूप मिठाचं पाणी. पाण्यानेही आराम पडला, आणि नॅलॉक्सोनने तो पुसला गेला. दुसऱ्या काहींना आधी केटोरोलॅक दिलं, जे मॉर्फिनच्या घराण्यातलं नाही. मग पाणी. आराम पडला. पण या वेळी, आणखी काही सूचना न देता, नॅलॉक्सोन दिलं तर ढिम्म फरक नाही!

म्हणजे शरीर आधीच्या औषधाची वाट लक्षात ठेवतं. या दुसऱ्या वाटेचा पत्ता २०११ मध्ये लागला. रिमोनाबंट नावाच्या औषधाने ती बंद झाली, आणि ते औषध गांजाच्या द्रव्याची जागा अडवतं.

गंप्या

थांबा. शरीर स्वतःची अफू बनवतं हे कळलं. आता स्वतःची भांगही बनवतं?

भूलवैद्य

बनवतं. परवाना लागत नाही.

सायली, तुमच्या आईच्या वेळी यातली कुठली वाट उघडली, किंवा उघडली की नाही, हे सांगता येणार नाही. पंत म्हणतात तसं ती पहाटही असेल. पण सांगून दिलेलं आणि न सांगता दिलेलं औषध यात फरक पडतो का, हे स्वतंत्रपणे तपासलंय. छातीच्या ऑपरेशननंतर काही रुग्णांना डॉक्टरने पलंगाशी उभं राहून, सांगून औषध दिलं. इतरांना यंत्राने, त्यांच्या नकळत. नकळत दिलेल्यांना दुखणं निम्म्यावर आणायला बरंच जास्त औषध लागलं. हे एकाच नाही, चार वेगवेगळ्या वेदनाशामकांबाबत दिसलं.

आणि उलटही होतं. उलरिके बिंगेल यांनी २०११ मध्ये बावीस निरोगी लोकांना रेमिफेंटॅनिल चालू ठेवलं, मॉर्फिनच्याच घराण्यातलं, चांगलं तगडं. औषधाआधी दुखण्याचा आकडा ६६. न सांगता औषध सुरू केलं, ५५ झाला. "आता सुरू करतोय" म्हटलं, ३९. मग "बंद केलं, आता दुखू शकेल" म्हटलं, औषध मात्र तसंच चालू. आकडा ६४. तगडं औषध शिरेत वाहतंय आणि ते जवळजवळ नसल्यासारखं.

अभ्या, 'विश्वास असेल तर औषध नको' यावर मला एवढंच दाखवायचं होतं. सांगितल्याने १६ गुणांचा जास्तीचा फायदा झाला, पण तो खऱ्या औषधाच्या वर. नुसत्या शब्दांवर गुडघ्याचं ऑपरेशन निभावत नाही. मी तरी निभावून नेणार नाही.

अभ्या_ट्रेकर

मान्य. माझं 'औषधाची गरजच नाही' मागे घेतो. नर्सची गोष्ट मात्र अजून आवडते.

सायली_नाशिक

मी त्या रात्री आईला म्हणाले होते, "अगं काही दिलंच नसेल त्यांनी, सकाळी विचारते." म्हणजे मी तिचं असलेलं औषधही काढून घेतलं की काय?

भूलवैद्य

थोडं कदाचित. तुम्हालाही माहीत नव्हतं, मनाला लावून घेऊ नका.

विनोद_सातारा

उशिरा आलो. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. वडिलांना अल्झायमर आहे, आता माणसंही ओळखत नाहीत. पुढच्या आठवड्यात खुब्याचं ऑपरेशन. त्यांना सांगून तरी काय कळणार? मग त्यांच्यासाठी हे सगळं गैरलागूच ना?

भूलवैद्य

गैरलागू नाही, उलट यावर लक्ष ठेवायला हवं. बेनेदेत्तींनी २००६ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांवर हेच पाहिलं. ज्यांच्या कपाळामागच्या भागाचा बाकी मेंदूशी संपर्क तुटत गेला होता, त्यांना 'सांगून दिलं' याचा फायदाच होईना. तोच आराम मिळायला औषध जास्त लागलं. आणि असे रुग्ण "दुखतंय" असं सांगत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्यांना कमीच दिलं जातं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराबद्दल आधीच सांगा, औषध त्यांनाच ठरवू द्या. खुब्यासाठी नसेजवळ भूल देता येते, त्याबद्दल विचारा. आणि आकडा विचारून उपयोग नाही, चेहरा आणि हात बघा. कूस बदलताना कपाळाला आठ्या पडतात का, चादर घट्ट धरतात का, पाणी पाजताना हात झिडकारतात का. जे दिसेल ते वेळेसकट कागदावर लिहून ठेवा, राउंडला दाखवा.

विनोद_सातारा

लिहून घेतलं. त्यांना दुखलं की ते गप्प होतात, एरवी सारखे बडबडत असतात. हेही सांगू ना?

भूलवैद्य

तेच आधी सांगा.